श्रावणातली अंडी

कोंबड्या श्रावण पाळत नाहीत. गटारीपर्यंत गावरान अंड्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, लोक दारात येऊन नेतात. दुसऱ्या दिवसापासून तीच अंडी कुणी फुकटही घेत नाही. काही घरांत हा उपास गणपती विसर्जनापर्यंत चालतो, काही घरांत थेट दसऱ्यापर्यंत. खुराड्यातल्या बायकांना याची काही कल्पना नसते. त्या रोजच्या रोज किंवा दिवसाआड आपलं काम करून, ओरडून सगळ्या आळीला कळवतात.

माझी आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि तिच्याकडे डझनभर गावरान कोंबड्या आहेत. श्रावणातली अंडी ती चुन्याच्या पाण्यात घालून ठेवते. तिच्या सासूबाई ठेवायच्या, म्हणून ही ठेवते. शेजारची एक बाई अंड्याला तेल चोळून टोपलीत ठेवते, आणि कुठली पद्धत चांगली यावर दोघींचं वर्षानुवर्षं एकमत झालेलं नाही. मला या भांडणाचा निकाल लावायची हौस आली, म्हणून हा लेख.

निकालाआधी अंड्याला नेमकं होतं काय, ते पाहू. अंड्याचं कवच बंद डब्यासारखं दिसतं खरं, पण त्याला हजारो बारीक छिद्रं असतात. पिल्लाला श्वास घ्यायचा असतो, त्यासाठी निसर्गाने ती ठेवलेली आहेत. कोंबडी अंडं घालते तेव्हा त्यावर एक ओलसर लेप असतो. तो क्षणात वाळतो आणि बरीचशी छिद्रं झाकून टाकतो. अंडं धुतलं की हा लेप जातो. म्हणून टिकवायचं अंडं धुवायचं नाही. विष्ठा लागलेलं असेल तर ते त्याच दिवशी खाऊन टाकायचं, बरणीत घालायचं नाही. गार पाण्याने धुणं तर आणखी वाईट, कारण आतला ऐवज थंडीने आकसतो आणि बाहेरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं.

छिद्रांमधून दोन गोष्टी सतत बाहेर जात असतात. एक पाण्याची वाफ. तिच्यामुळे अंडं हलकं होतं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. दुसरा कार्बन डायऑक्साइड, आणि अंड्याची जात बिघडवणारा खरा तोच. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात हा वायू विरघळलेला असतो, म्हणून ताज्या अंड्याचं पांढरं किंचित गढूळ दिसतं. त्याचा सामू साडेसातच्या आसपास असतो. वायू निघून गेला की उघड्यावर ठेवलेल्या अंड्यात काही दिवसांतच सामू 9 च्या वर चढतो. मग पिवळ्याभोवती जो घट्ट पांढरा गोळा असतो तो सैल पडतो, पातळ होतो. पिवळ्यावरची पारदर्शक त्वचाही कमकुवत होते. तव्यावर फोडल्यावर अंडं पाण्यासारखं पसरतं आणि पिवळं चपटं होऊन फुटतं, ते यामुळे. असं अंडं सडलेलं नसतं, म्हातारं झालेलं असतं. सडायला जंतू लागतात, आणि तेही त्याच छिद्रांतून आत येतात.

म्हणजे चुना काय किंवा तेल काय, दोघांचं काम एकच: छिद्रं बुजवणं. बुजवण्याची रीत मात्र वेगळी आहे, आणि आत्या नि शेजारीण यांच्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायचा प्रयोग सगळ्यांनी केला असेल. स्वच्छ पाणी दुधासारखं होतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटला की न विरघळणारा खडू तयार होतो. बरणीत बुडवलेलं अंडं हाच प्रयोग स्वतःवर करून घेतं. आतून वायू बाहेर येतो, छिद्राच्या तोंडाशी त्याला चुना भेटतो आणि तिथल्या तिथे खडूचं बूच बसतं. कवच स्वतःही खडूचंच, कॅल्शियम कार्बोनेटचंच, असतं. भोक त्याच मालाने बुजतं. शिवाय निवळीचा सामू साडेबाराच्या जवळ असतो, त्यात जंतूंचं काही चालत नाही. चिनी लोकांचं काळं पडलेलं, जेलीसारखं अंडं यापेक्षा पार वेगळं. तिथे चुन्याबरोबर सोडा किंवा राख असते, त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मुद्दाम आतवर मुरवतात. नुसता चुना पाण्यात फार कमी विरघळतो, लिटरला दोन ग्रॅमसुद्धा नाही, आणि येताक्षणीच दार लावून घेतो.

आत्याची कृती अशी. उकळून गार केलेलं पाणी, त्यात लिटरला मूठभर खायचा चुना. मी तिची मूठ मोजली आणि पुण्यात येऊन कोरड्या भुकटीचं माप 25 ते 30 ग्रॅमवर ठरवलं. पानाचा ओला चुना असेल तर त्याच्या दुप्पट, कारण त्यात पाणीच बरंच असतं. मात्र तो सुगंध, कात वगैरे काही न घातलेला साधा चुना हवा, आणि भिंतीला देण्याचा तर अजिबात नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं कुणाला ठाऊक. यातला बहुतेक चुना तळाशी बसून राहतो. तो वाया गेलेला नाही, शिलकीत आहे. वरचा चुना हवेतल्या वायूने खर्च झाला की तळातला विरघळतो. दोन-तीन दिवसांत पाण्यावर पातळ, करकरीत साय धरते. ती मोडायची नाही. तोही खडूच, आणि खालच्या निवळीला तोच हवेपासून वाचवतो. अंडी बोथट टोक वर करून हलक्या हाताने सोडायची, वर निदान तीन बोटं पाणी हवं. बरणी काचेची किंवा चिनी मातीची. ॲल्युमिनियमचं पातेलं चुना खातो, आणि पातेलं खाल्लेल्या पाण्यात अंडी ठेवायची नसतात. कळीचा चुना घरी फोडायच्या फंदात पडू नये, तो पाणी लागताच उकळतो आणि डोळ्यात उडाला तर कायमची इजा करतो.

आपल्याकडच्या पशुवैद्यकीय पाठ्यपुस्तकांतही चुन्याची एक कृती असते, पण ती वेगळी आहे. एक किलो कळीच्या चुन्यावर एक लिटर उकळतं पाणी, गार झाल्यावर आणखी 5 लिटर पाणी आणि 250 ग्रॅम मीठ, मग फडक्याने गाळायचं. त्यात अंडी 16 ते 18 तास बुडवायची, बाहेर काढून सुकवायची आणि ट्रेमध्ये ठेवायची. साधारण महिनाभर टिकतात. ही बाजारात माल पाठवणाऱ्यासाठीची सोय आहे. आत्याची रीत जुन्या युरोपातल्या रितीसारखी: अंडं खायच्या दिवसापर्यंत पाण्यातच. तिकडे हिवाळ्यात दिवस लहान झाले की कोंबड्या अंडी देणं थांबवायच्या, म्हणून वसंतातली अंडी तळघरात चुन्यात घालून ठेवत. इंग्लंडमध्ये 1791 साली चुना, मीठ आणि क्रीम ऑफ टार्टरच्या अशाच एका मिश्रणाचं पेटंटही घेतलं गेलं. नंतर सोडियम सिलिकेटचा, म्हणजे वॉटरग्लासचा, जमाना आला आणि त्यानंतर शीतगृहांचा.

आता तेल. तेलात रासायनिक काही घडत नाही, ते नुसतं छिद्रांवर बसतं. त्यामुळे सगळा खेळ वेळेचा. वायू सगळ्यात वेगाने निघून जातो तो पहिल्या काही तासांत, म्हणून तेल लावायचं ते अंडं घातल्या दिवशीच. चार दिवसांनी लावलेलं तेल हे पाहुणे गेल्यावर घातलेल्या रांगोळीसारखं. पण कोंबडीखालून काढलेलं ऊन अंडंही लगेच बुडवायचं नाही. ते गार होताना आकसतं आणि तेल आत खेचतं. तास-दोन तास थांबायचं, अंडं पूर्ण कोरडं आहे ना ते पाहायचं, आणि दोन तळहातांत चमचाभर तेल घेऊन चोळायचं. तेवढ्यात पाच-सहा अंडी सहज होतात. फ्रिजमधून काढून घाम फुटलेल्या अंड्याला तेल लावलं तर ओल आत कोंडते आणि बुरशी येते.

तेल कुठलं, यावर शेजारीण बोलायला तयारच नव्हती. घाण्याचं करडईचं, तिच्या मते दुसरं तेल तेल नव्हेच. नेमकी तिथे तिची पंचाईत होते. करडईचं तेल हवेत लवकर खवट होतं, आणि तो वास कवचातून आत मुरतो. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल बरं. सगळ्यात बरं औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. त्याला वास नाही, चव नाही आणि ते खवट होतच नाही. मोठ्या प्रमाणावर अंड्यांवर तेल फवारतात तेही याच जातीचं, खाण्यायोग्य खनिज तेल. ऐकायला ते स्वयंपाकघरातलं वाटत नाही, हे मान्य.

तर आषाढ संपता संपता आत्याकडची ताजी अंडी मी पुण्याला आणली आणि तीन वाटण्या केल्या. काही तशीच टोपलीत, काही शेंगदाणा तेल चोळून ट्रेमध्ये, काही चुन्याच्या बरणीत. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने वजन लिहिलं. तडा गेलेलं अंडं ओळखायला आत्याने शिकवलेली युक्ती वापरली: दोन अंडी हातात घेऊन हलकेच एकमेकांवर टेकवायची. धड अंडी टणक आवाज करतात, तडकलेलं असेल तर आवाज बद्द येतो. खोलीचं तापमान पावसाळाभर 24 ते 28 अंशांत राहिलं. घर श्रावण पाळत असल्याने मधेच फोडून पाहायची सोय नव्हती, ते एका परीने बरंच झालं.

अनंत चतुर्दशी झाल्यावर पहिली उघडली. टोपलीतलं 42 ग्रॅमचं अंडं 39 वर आलं होतं. पाण्यात सोडल्यावर ते उभं राहिलं, तरंगण्याच्या बेतात. फोडलं तर पांढरं बशीभर पसरलं आणि पिवळं कवच सोडतानाच फुटलं. वास वाईट नव्हता, पण खायची इच्छा झाली नाही. तेलाच्या अंड्याचं वजन माझ्या काट्यावर हललंच नव्हतं. पांढरं थोडं सैल, पिवळं मात्र गोल, उंच. दिसायला अगदी हाफ फ्राय करावं असं. चुन्यातल्या अंड्याचंही वजन होतं तेवढंच, कवच खरखरीत, पांढुरकं. पिवळं शाबूत पण थोडं बसकं, आणि पांढऱ्याचा घट्ट गोळा तेलाच्या अंड्यापेक्षा कमी. म्हणजे पहिल्या फेरीत शेजारीण जिंकली. फोनवर मी हे सांगितलं तर आत्या म्हणाली, ‘दिवाळीला इचार.’

दिवाळीला विचारलं. तेलाच्या अंड्यांना जुन्या तळणीसारखा वास धरला होता. दोन-तीन अंड्यांवर ट्रेला टेकलेल्या बाजूने काळी बुरशी होती, आणि ती आत पडद्यापर्यंत गेली होती. उरलेली खाण्याजोगी होती पण तो वास ऑम्लेटमधून जाईना. चुन्याच्या बरणीतली एक सोडून सगळी धड निघाली. ते एक बरणीत हात घालतानाच कळलं, कारण त्याला केसाएवढा तडा होता आणि त्यातून पांढऱ्याचे तंतू पाण्यात आले होते. बाकीच्यांचं पांढरं आता पाणीच झालं होतं. फेसायला घेतलं तर फेस उभा राहीना, त्यामुळे केक वगैरे विसरा. पण भुर्जीत, अंडाकरीच्या रश्श्यात फोडून सोडायला, कांदा घातलेल्या ऑम्लेटला काही फरक कळला नाही. एक-दोघांना किंचित चुन्याची चव लागली. त्यांना आधी सांगितलं होतं म्हणून लागली असावी, असा माझा संशय आहे.

मला यातून सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट वेगळीच आहे. अंडं पाण्यात टाकून ताजं-शिळं ओळखायची जी परीक्षा आपण करतो, ती या दोन्ही अंड्यांवर चालत नाही. ती परीक्षा जंतू मोजत नाही, वाफ होऊन गेलेलं पाणी मोजते. छिद्रं बुजवल्यावर पाणी जातच नाही, पोकळी वाढतच नाही, आणि तीन महिन्यांचं अंडं कालच्या अंड्यासारखं तळाला आडवं पडतं. म्हणून टिकवलेलं प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत फोडायचं, वास घ्यायचा आणि मगच भांड्यात. आधीच पारखायचं असेल तर अंधारात मोबाइलच्या झोतापुढे धरून हळू फिरवायचं. धड अंड्यात पिवळ्याची पुसट सावली मधे राहून सावकाश सरकते. ती कवचाला चिकटलेली दिसली किंवा सगळं एकजीव काळपट दिसलं, तर न फोडता टाकावं.

उकडायचं असेल तर आणखी एक घोटाळा. चुन्यातल्या अंड्याची छिद्रं बंद असतात, तापल्यावर पोकळीतल्या हवेला वाट मिळत नाही आणि अंडं पातेल्यात फुटतं. बोथट टोकाला टाचणीने टोचून मग पाण्यात सोडलं की काम होतं. तेलाच्या अंड्याची तक्रार उलटी: ते सोलता येत नाही. वायू आत कोंडलेला, सामू चढलेला नाही, त्यामुळे पांढरं पडद्याला चिकटून राहतं आणि सालाबरोबर लचके निघतात. अगदी ताजं अंडं सोलताना जे होतं तेच. म्हणजे अंडं सोलायला त्रास देत असेल तर तेलाने आपलं काम चोख केलं, असं समजायचं.

इथवर आत्या खूश होती. मग बीडच्या मावसभावाने माझं ऐकून मे महिन्यात बरणी घातली. तिथे दुपारी घरातच पारा 38-40 ला जातो. तीन आठवड्यांत त्याची अर्धी बरणी बाद झाली. फोडली की पिवळं-पांढरं एक होऊन बाहेर यायचं आणि काहींत लालसर कडं दिसायचं. याला दोन कारणं. चुना आणि तेल भोकं बंद करतात, ऊन बंद करत नाहीत. चाळिशीला पिवळ्याची त्वचा आपोआप ढिली पडते, मग कवचावर काहीही लावा. दुसरं कारण कोंबडा. गावरान अंडं बहुधा फळलेलं असतं, आणि पंचवीस-सत्तावीस अंशांच्या वर गर्भ वाढायला लागतो. भावाने अंडी दोन-तीन दिवस साठवून मग बरणीत घातली होती. तेवढ्यात उन्हाने गर्भ सुरू झाला, बरणीत गेल्यावर हवा तुटून मेला, आणि मेलेलं ते सडलं. उत्तर अमेरिकेत कॅनडा हंसांची संख्या आटोक्यात ठेवायला त्यांच्या अंड्यांना मक्याचं तेल चोळतात ते याच कारणासाठी: आतलं पिल्लू गुदमरतं, हंसीण मात्र बसून राहते. टिकवायची अंडी त्यामुळे रोजच्या रोज, गार वेळी बरणीत गेली पाहिजेत. कोंबडा वेगळा करता आला तर उत्तम, पण कोंबडीच्या पोटात बीज दोन-तीन आठवडे राहतं, तेव्हा तेवढं आधी करावं लागतं. हे मी आत्याला सांगितलं तर तिचं उत्तर तयार होतं: ‘उन्हाळ्यात कोण ठेवतंय चुन्यात? उन्हाळ्यात कोंबडी रवणावर बसवायची.’

जंतूंबद्दल मात्र आत्याच्या अनुभवावर विसंबून राहू नये. चुना बाहेरून येणाऱ्याला अडवतो. साल्मोनेला कधीकधी कोंबडीच्या पोटातच अंड्यात शिरलेला असतो, त्याला चुन्याचं पाणी भेटतच नाही. ताज्या अंड्यात घट्ट पांढरं त्याला पिवळ्यापर्यंत जाऊ देत नाही, आणि पांढऱ्यातली प्रथिनं लोह धरून ठेवून त्याची उपासमार करतात. अंडं म्हातारं झालं, पिवळ्याची त्वचा ढिली पडली की पिवळ्यातलं लोह आणि बाकीचं खाद्य त्याला मिळायला लागतं. आणि असं अंडं वासाने ओळखू येत नाही. म्हणून चुन्यातलं किंवा तेलातलं अंडं दोन्ही बाजूंनी पुरतं शिजवूनच. अर्धकच्चं पिवळं, घरचं मेयोनीज, कच्चं अंडं फेटून दुधात, यातलं काही नाही. लहान मुलं, गरोदर बाई आणि आजारी माणसासाठी मी ही अंडी वापरणार नाही.

फ्रिज असेल तर हा सगळा खटाटोप हौसेचा आहे, हेही सांगून टाकते. न धुतलेली ताजी अंडी झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या मागच्या बाजूला ठेवली तर दोन-तीन महिने चुन्याच्या अंड्यापेक्षा सरस राहतात, आणि त्यांचा फेसही उभा राहतो. फ्रिजच्या दारातल्या खळग्यांत मात्र नको, दार उघडलं की तिथलं तापमान वरखाली होत राहतं. आत्याकडे फ्रिज आहे. त्यात पाण्याच्या बाटल्या, लोणी, मळलेली कणीक आणि सुनेच्या चेहऱ्याच्या क्रीमा असतात. श्रावणात त्यात अंडी ठेवायला तिच्या सासऱ्यांची आजही हरकत आहे. बरणी परसातल्या न्हाणीघराच्या कोनाड्यात असते, तिथे गारवा असतो आणि तिकडे ते बघत नाहीत. यंदा तिने गणपतीपर्यंतची अंडी तेलात आणि त्यापुढची चुन्यात अशी वाटणी केली आहे. तेल मात्र शेजारणीकडून आणलेलं नाही.